नसलेल्या खांद्यावरची शाल

स्टुडिओत फोटोवर शाल घालून मागतात, त्यामागे दर वेळी सत्काराची हौस असतेच असं नाही. घरातलं माणूस जातं, तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो आणि हाताशी सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला, पाच-सहा जणांच्या घोळक्यातला. त्यात एक खांदा शेजारच्याच्या मागे गेलेला असतो. माणूस कापून वेगळा केला की तिथे दंडच उरत नाही. शालीने ती उणीव झाकली जाते खरी, पण तिला टेकायला खाली काहीच नसतं. शाल खोटी दिसते ती बहुतेक वेळा याच कारणाने, कापडाच्या रंगामुळे किंवा कटिंगमुळे नव्हे.

अशाच एका आबांचा फोटो आला होता. अंगणातला, सकाळच्या उन्हातला, पांढरा सदरा, डावा खांदा जावयाच्या मागे. सूनबाई म्हणाल्या, “दादा, जरीची नको हं. पहाटे ओट्यावर बसायचे तेव्हा घ्यायचे तसली घाला, साधी मरून.” हे कळणं फार गरजेचं असतं. सत्काराची नवी शाल जाड, ताठ आणि खोक्यातल्या घडीच्या चौकोनी रेघा बाळगणारी असते. तिच्या चुण्या मोठ्या आणि थोड्या पडतात. वापरून मऊ झालेली लोकरी शाल अंगाला धरून उतरते, तिच्या चुण्या बारीक आणि पुष्कळ. आबांना ही दुसरीच हवी होती.

मी आधी खांदा काढतो. दिसणारा उजवा खांदा उलटवून डावीकडे चिकटवणं सोपं, पण मग ऊनही उलटतं आणि दोन्ही बाजू इतक्या सारख्या होतात की माणूस पुतळ्यासारखा ताठ दिसतो. आबांची मान किंचित डावीकडे कललेली होती, म्हणजे त्या बाजूचा खांदा थोडा खाली. वेगळ्या लेअरवर करड्या ब्रशने कानामागून खांद्याच्या टोकापर्यंतचा उतार, तिथून दंड आणि कोपर एवढंच ओढलं. ताठ उभ्या माणसाचं कोपर माथ्यापासून साधारण तीन डोक्यांएवढ्या अंतरावर, कमरेच्या आसपास येतं. म्हातारपणी पाठ वाकते, खांदे पुढे येतात, म्हणून कोपर जरा पुढे आणि खाली धरलं. हे चित्र शेवटी पुसून टाकायचं असतं, पण शालीची प्रत्येक चुणी त्याच्याच आधाराने बसते.

मग शाल. इंटरनेटवरची तयार शाल मी घेत नाही, कारण ती दुसऱ्याच उजेडात, दुसऱ्याच अंगावर पडलेली असते. आबांच्या नाकाची सावली त्यांच्या डाव्या गालाकडे झुकली होती, म्हणजे ऊन त्यांच्या उजवीकडून, वरून येत होतं. त्यांच्याच अंगलटीच्या एका शेजाऱ्याला मी सकाळी दारात तसंच उभं केलं, अंगावर साधारण एक मीटर रुंद, दोन मीटर लांब अशी जुनी शाल दिली आणि दहा-बारा फुटांवरून फोटो काढला. मूळ घोळका तेवढ्याच लांबून टिपलेला असावा. जवळून काढला असता तर पुढचा हात आणि त्यावरची शाल उगाच मोठी दिसली असती.

कापड जिथे टेकतं तिथूनच चुण्या निघतात. शालीला असे आधार मोजकेच असतात: मानेचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांची टोकं आणि हात वाकवलेला असेल तर कोपर. खांद्याच्या टोकापासून खाली कापड स्वतःच्या वजनाने सरळ लोंबतं, तिथे उभ्या, नळीसारख्या चुण्या. कोपर आणि छाती यांच्यामध्ये आधार नसतो, तिथे झोळ पडतो, दोरीवर दोन चिमट्यांमध्ये चादर सैल सोडल्यासारखा. सगळ्यांत खोल घडी कोपराच्या आतल्या बाजूला. लिओनार्दो दा विंची मातीच्या मूर्तींवर ओल्या मातीत भिजवलेल्या चिंध्या घालून त्यांची चित्रं काढत असे, असं व्हासारीने लिहून ठेवलं आहे. कापड तसंच स्थिर राहिलं की चुणी कुठून निघून कुठे विरते ते सावकाश पाहता येतं.

फोटोशॉपमध्ये मी शालीचे तीन तुकडे करतो: मानेमागचा, उजवा आणि डावा. प्रत्येकाला वेगळ्या लेअरवर `Puppet Warp` लावायचा आणि पिना फक्त आधारांवर ठोकायच्या. नवखी मुलं पिना कापडभर पेरतात आणि मग शाल रबरासारखी ताणली जाते. ताणलेलं ओळखायची खूण म्हणजे काठ. खांद्याजवळ बोटभर रुंद असलेला काठ छातीवर दीड बोट झाला, किंवा विणीचे ताणे मध्येच जाड झाले, तर तिथे कापड ओढलं गेलंय. आबांच्या डाव्या बाजूला असंच होऊ लागलं, तेव्हा ओढणं सोडून शेजाऱ्याला हात थोडा खाली घ्यायला लावून पुन्हा फोटो काढला. ते अर्ध्या तासाचं काम होतं. ओढूनताणून संध्याकाळ गेली असती आणि तरीही जमलं नसतं.

शाल अंगावर बसते ती सावलीने, आणि सावल्या दोन लागतात. कापड सदऱ्याला जिथे टेकतं तिथे अगदी अरुंद, गडद रेघ. कापड जिथे अंगापासून उचललेलं असतं, म्हणजे झोळाखाली आणि मानेशी, तिथे रुंद आणि विरत जाणारी. दोन्ही शालीखालच्या लेअरवर, `Multiply` ठेवून. रंग काळा घ्यायचा नाही. आबांच्या सदऱ्यावर हनुवटीची सावली निळसर करडी होती, तोच रंग उचलला. शालीच्या उन्हातल्या कडेलगत पांढऱ्या सदऱ्यावर मरूनची अगदी पुसट झाक द्यावी लागते, कारण पांढरं कापड शेजारचा रंग घेतं. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पण नसली की काहीतरी खटकतं.

आता फक्त जुन्या फोटोशी मेळ राहिला. स्कॅन केलेल्या छापील फोटोत खरा काळा क्वचितच असतो. `Info` पॅनलमध्ये आबांच्या केसांतला सगळ्यांत गडद भाग ३५च्या आसपास दाखवत होता आणि नव्या शालीच्या घड्या ८ वर होत्या. `Levels` मधल्या `Output Levels`चं काळं टोक वर आणून घड्या तेवढ्या उजळल्या. मग शाल किंचित धूसर केली आणि वरून फोटोइतकाच दाणा टाकला. हा क्रम उलटला तर दाणाही धूसर होतो. शेवटी चित्र डावं-उजवं उलटवून पाहिलं. सवयीने नजरेआड झालेला वाकडा खांदा उलट चित्रात लगेच सापडतो. सूनबाईंनी प्रिंट पाहिली आणि उजवीकडचा पदर जरा मागे घ्यायला सांगितला, आबा ती बाजू पाठीवर टाकायचे म्हणून. उजवा तुकडा वेगळा होता, त्यामुळे बाकी काही हलवावं लागलं नाही.

सगळ्याच फोटोंवर हे होत नाही. हात जोडलेले असले, किंवा दोन्ही हातांनी नातवंड धरलेलं असलं, की शाल मनगटांवरून, बोटांमधून जायला हवी, आणि तिथले आधार फोटोत अर्धे दिसतात, अर्धे झाकलेले असतात. तेव्हा मी घरच्यांना उपरणं सुचवतो. ते लांबीत घडी घालून एका खांद्यावर टाकलेलं असतं, आधार एकच, आणि खाली दोन्ही टोकं सरळ लोंबतात. अर्थात, तो दिसणारा खांदा असेल तरच.