आगळाचा रंग

गेल्या पावसाळ्यात डिचोलीला फुटबॉल खेळताना माझ्या मामेभावाच्या डाव्या कुशीत समोरच्याचा गुडघा जोरात बसला. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हा खेळला आणि स्कूटर चालवत पेडण्याला घरी आला. रात्री बाथरूममधून हाक आली, "दादा, जरा बघ." लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल होती.

मामी कुशीला चोळायला तेल गरम करत होती. ते थांबवलं आणि गाडी काढून थेट बांबोळीचं गोमेकॉ गाठलं.

मला वाटत होतं, जितकी लघवी लाल तितकी दुखापत मोठी. डॉक्टरांनी ते खोडून काढलं. साध्या मुक्या मारानेही लघवी लाल होते. उलट मूत्रपिंडाची मुख्य रक्तवाहिनीच तुटली, तर कधीकधी रक्त लघवीत उतरतच नाही. म्हणून रंगावर न जाता सीटी स्कॅन करायचा. शिरेतून औषध देऊन लगेच फोटो काढले आणि साधारण दहा मिनिटांनी पुन्हा काढले. तोवर औषध लघवीत उतरतं, त्यामुळे लघवी आत कुठे गळत असेल तर ती दिसते.

दुखापतीच्या पाच श्रेणी असतात. पहिलीत नुसता मुका मार, दुसरीत एक सेंटीमीटरपेक्षा कमी खोल चीर. त्याची चीर दीड सेंटीमीटर होती, भोवती रक्त साकळलं होतं, पण लघवी गळत नव्हती. म्हणजे तिसरी श्रेणी. लघवी गळली असती तर चौथी. पाचवीत मूत्रपिंडाचा चुराडा होतो किंवा ते रक्तवाहिनीपासून तुटतं.

"मग ऑपरेशन कधी?" मामांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुधा लागणारच नाही. मूत्रपिंडाभोवती एक घट्ट आवरण असतं. साकळलेलं रक्त त्यातच अडकतं आणि त्याच्याच दाबाने रक्तस्राव थांबतो. उघडायला गेलो तर तो दाब जातो, आणि मूत्रपिंडच काढायची वेळ येऊ शकते."

उपचार म्हणजे पडून राहणं आणि लक्ष ठेवणं. नाडी, रक्तदाब, ठरावीक वेळाने हिमोग्लोबिन. प्रत्येक वेळची लघवी काचेच्या नळीत घेऊन ओळीने ठेवत. आगळापासून सोलकढी, मग फिका चहा. हिमोग्लोबिन १३.६ वरून ११.८ वर आलं आणि तिथेच थांबलं. ते घसरत राहिलं असतं, तर जांघेतून नळी घालून रक्तस्राव करणारी वाहिनी बंद करावी लागली असती.

पाचव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली आणि घरी सोडलं. खरी कसोटी तिथून पुढे होती. त्याला वाटलं, बरा झालो. पण चीर भरत असताना दोन-तीन आठवड्यांतही अचानक पुन्हा रक्त येऊ शकतं. लघवी परत लाल झाली, गाठी पडल्या, ताप आला किंवा चक्कर आली तर तडक परतायचं, असं बजावलं होतं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं बंद, वजन उचलणं बंद, फुटबॉल तीन महिने बंद.

मध्येच चवथ आली. दरवर्षी माटोळी तोच बांधतो. यंदा तो खुर्चीत बसून नारळांच्या पेंडी कुठे टांगायच्या ते सांगत होता आणि स्टुलावर मी चढलो होतो.

"दादा, वाकडी झालीय," तो म्हणाला. झाली होती खरी. तशीच ठेवली.

आता तो खेळतो. मामी मात्र अजून दर काही महिन्यांनी त्याचा रक्तदाब मोजून घेते. अशा दुखापतीनंतर तो पुढे कधीतरी वाढू शकतो, हे डॉक्टरांचं वाक्य तिने पक्कं लक्षात ठेवलंय.