मायक्रोव्होल्टची मूठ

मूठ जोरात आवळली की बोटं वाकवणाऱ्या स्नायूंमध्ये जी विद्युत हालचाल होते, ती चरबी आणि कातडी ओलांडून वर येईपर्यंत एखाद-दोन मिलिव्होल्टच उरते. मूठ हलकी असेल तर पन्नास-शंभर मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजवर ग्रिपर उघडायचा-मिटायचा आणि तोही घराच्या खोलीत, डोक्यावर पंखा आणि ट्यूबलाइट चालू असताना, असं माझ्या पुतणीचं मागणं होतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. हाताला लकवा मारलेल्या माणसाला आपला स्नायू अजून थोडंफार काम करतो आहे हे डोळ्यांनी दिसावं, म्हणून तिला तो हवा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा चालवलेला माणूस. सर्किट माझ्याकडे आणि हात तिच्याकडे, अशी वाटणी झाली. पुढे कळलं, की निम्म्याहून जास्त सर्किट हातावरच असतं.

अॅम्प्लिफायरचं मूळ साधं होतं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून AD620 आणला. दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा वाढवायचा आणि दोघांवर सारखंच येणारं व्होल्टेज सोडून द्यायचं, हे या चिपचं काम. पहिल्या टप्प्यातच हजारपट वाढवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा लागतो. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड जेलमधून कातडीला लागला, की तिथे बॅटरीसारखं स्थिर व्होल्टेज तयार होतं. दोन इलेक्ट्रोडमधला हा फरक तीनशे मिलिव्होल्टपर्यंत जाईल असं धरूनच आराखडा करतात. त्याला हजारपट केलं तर चिप एका टोकाला जाऊन अडकते आणि स्नायूचा सिग्नल दिसतच नाही. म्हणून २.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून गेन १० च्या आसपास ठेवला. मग १ मायक्रोफॅरड आणि ८.२ किलोओहमचा हायपास लावून ते स्थिर व्होल्टेज काढून टाकलं आणि त्यानंतरच्या टप्प्यात शंभरपट वाढवलं. त्यामुळे कातडीवरचा एक मिलिव्होल्ट अर्डुइनोला एक व्होल्ट दिसायला लागला. पॉवर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची आणि लॅपटॉपही बॅटरीवरच. अंगाला तारा लावलेल्या असताना भिंतीतल्या प्लगशी कुठूनही संबंध येऊ द्यायचा नाही, हा नियम मी एकदाही मोडू दिला नाही.

इलेक्ट्रोड लावायच्या वेळी पुतणी म्हणाली, "काका, तळहात वर करा. आता मधलं बोट आणि अनामिका वाकवा, मी अडवते." तिने माझी बोटं एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं कोपर ते मनगट यांच्या मध्यावर, करंगळीच्या बाजूला थोडी आत, दाबून फिरवली. एका जागी कातडीखाली टणक फुगवटा आला. बोटं वाकवणारा वरचा स्नायू तिथे होता. इलेक्ट्रोडची जोडी याच फुगवट्यावर, तंतूंच्या दिशेने, म्हणजे कोपराकडून मनगटाकडे जाणाऱ्या रेषेत हवी. तंतूंना आडवी लावली, तर दोन्ही इलेक्ट्रोडना जवळजवळ तेच व्होल्टेज एकाच वेळी दिसतं आणि अॅम्प्लिफायर त्यांची वजाबाकी करून सिग्नलच खाऊन टाकतो. मनगटाकडे फार सरकलं, तर खाली स्नायू संपून कंडरा लागतो आणि सिग्नल घटतो.

दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांमधलं अंतर २० मिलिमीटर ठेवतात. सेनियम या युरोपीय प्रकल्पाने सुचवलेला हा आकडा आता सगळीकडे रूढ आहे. अंतर वाढवलं की सिग्नल मोठा येतो हे खरं, पण शेजारच्या स्नायूंचाही येतो आणि नुसतं मनगट वाकवलं तरी ग्रिपर मिटायला लागतो. मेडिकलच्या दुकानात मिळणारे ईसीजीचे गोल स्टिकर एवढ्या जवळ बसत नाहीत, म्हणून त्यांच्या फोमच्या कडा कात्रीने कापल्या. मधल्या जेलच्या गाद्या मात्र एकमेकींना लागू देऊ नयेत. घाम आला आणि जेल पसरून दोन्ही गाद्या जुळल्या, तर सिग्नल तिथल्या तिथे शॉर्ट होतो. तिसरा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर, जिथे स्नायू जवळजवळ नाहीच. पुतणीने आणखी एक चाचणी करून घेतली, तीही महत्त्वाची होती. तळहात वर असताना एकदा मूठ आवळायची आणि तळहात खाली करून पुन्हा आवळायची. हात फिरला की कातडी स्नायूवरून सरकते आणि तळहात वर असताना बरोबर बसलेली जोडी तळहात खाली केल्यावर शेजारच्या स्नायूवर जाते. दोन्ही स्थितीत बरा सिग्नल मिळेल अशी जागा आधीच्या जागेपासून बोटभर बाजूला सापडली.

ऑसिलोस्कोपवर स्नायूचा खरा सिग्नल वाढलेल्या गवतासारखा दिसतो, दाट आणि अनियमित, एकही पातं दुसऱ्यासारखं नाही. आम्हाला आधी दिसली ती हात सैल सोडलेला असतानाही दर २० मिलिसेकंदांनी परतणारी गुळगुळीत लाट, म्हणजे विजेच्या तारांची ५० हर्ट्झ. इथे बहुतेक जण ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर शोधायला लागतात. मला तो शेवटचा उपाय वाटतो. स्नायूच्या सिग्नलची ताकद २० ते ४५० हर्ट्झमध्ये पसरलेली असली, तरी तिचा मोठा भाग ५० ते १५० च्या दरम्यान असतो. म्हणजे नॉच नेमका भरलेल्या ताटातला घास उचलतो. शिवाय १५० आणि २५० हर्ट्झचे उपस्वर तसेच राहतात.

ही लाट आत शिरते कशी, याचा हिशेब मी पुतणीला कागदावर करून दाखवला. खोलीतल्या वायरिंगमुळे अंगावर १०० मिलिव्होल्टची ५० हर्ट्झ आहे असं धरू. ती दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखी आहे आणि AD620 तिला या गेनवर लाखपट दाबतो, तेव्हा उरतो एकच मायक्रोव्होल्ट. एवढ्यावर भागायला हवं होतं. पण दोन इलेक्ट्रोडखालच्या कातडीचा अडथळा सारखा नसतो. समजा एकाखाली दुसऱ्यापेक्षा २० किलोओहम जास्त आहे. इलेक्ट्रोडच्या केबलची आणि इनपुटची मिळून १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स ५० हर्ट्झला सुमारे ३२ मेगाओहमसारखी वागते. आता १०० मिलिव्होल्टला २० किलोओहमने गुणून ३२ मेगाओहमने भागा, उत्तर येतं ६२ मायक्रोव्होल्ट. सारख्या व्होल्टेजचं कातडीपाशीच फरकात रूपांतर झालं! चिपच्या दृष्टीने हा आता खरा सिग्नल आहे, हलक्या मुठीएवढाच मोठा. सर्किट त्याला इमानदारीने हजारपट करतं, आणि अर्डुइनोच्या ४.९ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांवर तो बाराएक पायऱ्या चढतो. चिप कितीही महाग घेतली तरी या ६२ मायक्रोव्होल्टना काही फरक पडत नाही.

म्हणून उपाय कातडीवरच केला. केस काढले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, खरखरीत कापडाने वरचा मृत थर हलकेच घासला आणि जेल मुरायला पाचेक मिनिटं दिली. फरक २० वरून २ किलोओहमवर आला, तर त्याच हिशेबाने ६२ चे ६ होतात, आणि पडद्यावरची लाट तशीच खाली बसली. इलेक्ट्रोडच्या तारा एकमेकींभोवती पीळ घालून आखूड ठेवल्या. मग २.७ किलोओहमच्या त्या दोन रेझिस्टरचा उपयोग झाला. त्यांच्या मधल्या बिंदूवर अंगावरचं सामायिक व्होल्टेज मिळतं. ते उलटं करून, वाढवून, १ मेगाओहममधून कोपरावरच्या इलेक्ट्रोडला परत दिलं की शरीर स्वतःच शून्याजवळ ओढलं जातं. ईसीजी यंत्रात हा इलेक्ट्रोड उजव्या पायाला असतो, त्यावरून त्याला राइट लेग ड्राइव्ह म्हणतात. तो एक मेगाओहम सुरक्षेसाठी आहे. ऑप-अँप जळून बॅटरीचे पूर्ण ९ व्होल्ट बाहेर आले, तरी अंगातून ९ मायक्रोअँपिअरच्या वर जाणार नाहीत. एवढं झाल्यावर नॉचची गरजच उरली नाही.

वायर हलली किंवा इलेक्ट्रोड ओढला गेला, की सावकाश डोलणारी मोठी लाट येते, पण ती बहुतेक २० हर्ट्झच्या खाली असते. कार्लो डी लुका आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हायपाससाठी हीच सीमा सुचवली होती. आमचं १ मायक्रोफॅरड-८.२ किलोओहमचं जोडपं १९.४ हर्ट्झला बसतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. वरची सीमा ४५० हर्ट्झ आणि सेकंदाला २००० नमुने.

मग ग्रिपर जोडला, आणि ५० हर्ट्झ परत आली.

ग्रिपरमध्ये छोटी सर्व्हो मोटर होती. मूठ आवळली की जबडा मिटायचा आणि मिटल्यावर आपोआप थरथरत राहायचा. हात सैल सोडला तरी थरथर चालूच. इथे फसायला फार सोपं आहे, कारण सर्व्होलाही दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स जातो, म्हणजे तीही ५० हर्ट्झच. पडद्यावरून वायरिंगची लाट आणि सर्व्होची लाट वेगवेगळ्या ओळखता येत नाहीत. मी दोन गोष्टी केल्या. माझ्या हाताच्या जागी तीन रेझिस्टर जोडले आणि प्रोग्रॅमने जबडा उघडत-मिटत ठेवला. हात नव्हता, तरी नॉइज होता. मग अर्डुइनोच्या Servo लायब्ररीतला `REFRESH_INTERVAL` २०००० मायक्रोसेकंदांवरून २५००० केला. लाट ५० वरून ४० हर्ट्झवर सरकली. भिंतीतली वीज तर माझ्या कोडमुळे सरकणार नव्हती!

कारण ग्राउंडच्या तारेत होतं. जबडा वस्तूवर दाबला की सर्व्हो सहाशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. ब्रेडबोर्डवरच्या सामायिक ग्राउंडला एक दशांश ओहम जरी असला, तरी त्यावर ६० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे पुन्हा त्याच बारा पायऱ्या. अर्डुइनोला वाटतं मूठ आवळली, तो सर्व्होला हलवतो, सर्व्हो प्रवाह ओढते, आणि वर्तुळ पूर्ण होतं. मोटरला चार पेन्सिल सेलचा वेगळा पॅक दिला, तिच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि दोन्ही ग्राउंड अर्डुइनोच्या एकाच पिनवर आणून जोडले. मोटरचा प्रवाह आता अॅम्प्लिफायरच्या तारेतून जात नव्हता. थरथर थांबली.

उरलं ते गवतातून आज्ञा काढणं. सिग्नलची ऋण बाजू धन करून ३ हर्ट्झच्या लोपासमधून काढली, की मुठीच्या जोराबरोबर चढणारी-उतरणारी रेघ मिळते. सीमा १ हर्ट्झवर नेली तर रेघ सुरेख गुळगुळीत होते, पण जबडा मुठीच्या मागे रेंगाळतो आणि पेशंट विनाकारण जास्त जोर लावायला लागतो. ३ हर्ट्झला रेघ दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर जायला सुमारे ११७ मिलिसेकंद लागतात आणि ते हाताला खटकत नाही. प्रत्येकाची पूर्ण ताकदीची मूठ आधी मोजून घेतली. तिच्या २५ टक्क्यांच्या वर गेलं की जबडा मिटायचा, १२ टक्क्यांच्या खाली आलं की उघडायचा, मध्ये असेल तर आहे तिथेच थांबायचं. दोन उंबरठ्यांमधली ही जागा नसेल, तर सीमेवर रेंगाळणारी मूठ जबड्याला सतत उघडझाप करायला लावते.

चहाचा कागदी कप न चेपता उचलणं जमलं. पण कप धरून ठेवायचा तर मूठही आवळून धरावी लागते आणि अशक्त हात लगेच थकतो. पुतणीचं म्हणणं, दुसरी जोडी हाताच्या मागच्या बाजूला, बोटं सरळ करणाऱ्या स्नायूवर लावू. पुढचा स्नायू आवळला की मिटेल, मागचा आवळला की उघडेल, दोन्ही सैल असतील तर पकड तशीच राहील. बाजारातले बरेचसे मायोइलेक्ट्रिक कृत्रिम हातही याच पद्धतीवर चालतात. त्यात अडचण अशी, की घट्ट मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवायला मागचे स्नायूही आखडतात आणि दोन्ही रेघा एकदम वर जातात. त्यामुळे नुसता उंबरठा पुरत नाही, दोघांपैकी कोण स्पष्टपणे मोठा आहे हे पाहावं लागतं. सध्या एक दुसऱ्याच्या दीडपट होईपर्यंत जबडा हलवायचा नाही असं ठरवलंय, आणि तो दीडचा आकडा ती पेशंटगणिक बदलून पाहते आहे.