कळावे, लोभ असावा

गेल्या आठवड्यात गावाकडून फोन आला. आमच्या हायस्कुलाचे निवृत्त सर आता वाचनालय चालवतात. २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, संध्याकाळी व्याख्यान ठेवलंय आणि वक्ता मी! "विषय 'कारगिल : रणभूमीच्या आठवणी'. तू नाही म्हणायचं नाहीस," सर म्हणाले.

नाहीच म्हणायचं होतं. पण ज्यांनी छडीने भूमिती शिकवली, त्यांना नाही कसं म्हणायचं?

कॅप्टन असताना मी याच कामात मोठी चूक केली होती. गावच्या एका मंडळाने असंच बोलावलं. मी म्हणालो, "बघतो, सुट्टी मिळाली तर जमवतो." आपल्याकडे 'बघतो' म्हणजे होकार. एस. टी. स्टँडवर युनिफॉर्ममधल्या माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. ऐनवेळी सुट्टी रद्द झाली. मी इकडे चौकीवर होतो आणि तिकडे दोनशे माणसांपुढे स्टेजवर जाऊन माझ्या वडिलांनी हात जोडले. त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून या वेळी सरांना सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवतो," आणि रात्री लिहायला बसलो.

पहिला मसुदा दोन ओळींचा झाला : सुट्टी नाही, क्षमस्व. तो खोडला. सुट्टीचं कारण दिलं की सर म्हणणार, "मग आपण तारीख पुढे ढकलू." खोटं नसलं तरी ते खरं कारण नव्हतं. खरी कारणं दोन होती. एक म्हणजे सेवेत असलेल्याला सेवेशी संबंधित विषयावर जाहीर भाषण करायचं तर आर्मी रूल्स, १९५४ मधल्या नियम २१ प्रमाणे आधी परवानगी लागते. ती वरच्या पायऱ्या चढत जाते आणि तीन आठवड्यांत येईल याची खात्री नाही. दुसरं कारण सांगायला जड होतं. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात मी खडकवासल्याला कॅडेट होतो. कारगिलच्या माझ्या आठवणी म्हणजे ॲकॅडमीत ऐकलेल्या बातम्या.

नुसता नियम दाखवला असता तर सरांना ते सरकारी उत्तर वाटलं असतं. दुसरं कारण लिहिलं तेव्हा पत्र माणसाचं झालं. तरी काहीतरी उणं वाटत होतं. कार्यक्रम तर उभा राहायला हवा. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त सुभेदारसाहेब तेव्हा तोफखान्यात, द्रासला होते. आधी त्यांना फोन केला. न विचारता त्यांचं नाव पुढे करणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकणं. ते तयार झाले, तेव्हा पत्र पुरं केलं :

"आदरणीय सर, सादर नमस्कार.

तुम्ही आठवण ठेवलीत, याचा आनंद आहे. मात्र २६ तारखेला मी बोलू शकणार नाही. कृपया पत्रिकेत माझं नाव घालू नये. या विषयावर बोलायला मला वरून परवानगी लागते आणि ती वेळेत मिळेल असा शब्द मी देऊ शकत नाही. शिवाय १९९९ मध्ये मी अजून शिकत होतो. रणभूमीच्या आठवणी सांगण्याचा हक्क जे तिथे होते त्यांचा.

सुभेदारसाहेब तिथे होते. त्यांच्याशी बोललोय, ते यायला तयार आहेत. नंबर सोबत देतोय. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून न्यायला गाडी पाठवावी आणि खुर्ची स्टेजवर न ठेवता खालीच मांडावी. भाषणाची त्यांना सवय नाही. तुम्ही शेजारी बसून प्रश्न विचारलेत तर ते मोकळे होतील. किती शत्रू मारले, हे मात्र कुणाला विचारू देऊ नका.

कळावे, लोभ असावा."

'पुढच्या वर्षी नक्की' असं एक वाक्य शेवटी हातून उतरलं होतं. ते काढून टाकलं. पुढच्या वर्षी मी कुठे असेन, हे मलाच माहीत नाही. आणि त्या वाक्याचाही कुठेतरी फ्लेक्स झाला असता.

पत्राचा फोटो पाठवला. दोन तास उत्तर नाही. मग सरांचा फोन आला. आधी थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, "पहिल्याच परिच्छेदात नाही म्हणालास ते बरं केलंस. छपाई उद्याच होती." थोडं थांबून पुढे म्हणाले, "सुभेदारांना आणायला मीच जातो. खुर्ची खालीच ठेवू."

फोन ठेवता ठेवता त्यांनी एवढंच विचारलं, "पण गणपतीत येशील ना रे घरी?"

या वेळी 'बघतो' म्हणालो नाही. "सर, अजून सांगता येत नाही. सुट्टी मंजूर झाली की पहिला फोन तुम्हाला."