कशाबद्दल, आप्पा?

मराठीत 'काय वाटतं?' हे दोन शब्दांचं वाक्य पूर्ण असतं. त्यात कुणाला वाटतं ते नाही, कशाबद्दल ते नाही. इंग्रजीत निदान 'यू' तरी लिहावं लागतं. आपण 'तुला' गाळतो, 'तुम्हाला' गाळतो, आणि क्रियापदही कुणासाठी बदलत नाही. समोरासमोर याने अडत नाही. सेलूच्या मोंढ्यात कुणी कापसाच्या गाडीकडे बघून 'काय वाटतं?' म्हणालं, तर विषय गाडीत भरलेला असतो. मेसेजमध्ये बोलणाऱ्याची नजर येत नाही.

जानेवारीत आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा, सेलूहून असाच मेसेज आला. आधी काही नाही, नंतर काही नाही. मी पुण्यात, ऑफिसमध्ये. शेवटचं बोलणं पंधरा दिवसांपूर्वीचं, घरात ठेवलेल्या कापसाबद्दल: आत्ता द्यायचा की भाव चढेल म्हणून थांबायचं.

अशा वेळी तीन प्रकारची उत्तरं सुचतात. पहिलं म्हणजे अंगठा किंवा 'चांगलं वाटतंय'. हे सगळ्यात वाईट, कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात विषय पक्का असतो आणि तुमचा अंगठा त्याच विषयाला लागतो. दुसरं, नुसतं 'कशाबद्दल?'. हे प्रामाणिक आहे, पण सगळं काम परत विचारणाऱ्यावर टाकतं, आणि मोठ्या माणसाला ते थोडं तुटक वाटतं. तिसरं, आपला अंदाज सांगून विचारणं. मी लिहिलं:

"आप्पा, फक्त 'काय वाटतं' एवढंच आलंय, त्याच्या वर काही नाही. कापूस आत्ता द्यायचा का थांबायचं, ते विचारताय का? का दुसरं काही?"

या मेसेजमध्ये तीन कामं होतात. माझ्याकडे काय पोचलं ते त्यांना कळतं. माझा अंदाज कळतो. आणि शेवटच्या तीन शब्दांमुळे अंदाज चुकला तर 'नाही' म्हणायला जागा राहते. ते शब्द गाळू नयेत; नाहीतर समोरचा भिडेखातर 'हो, तेच' म्हणतो आणि मूळ गोष्ट राहून जाते.

उत्तर आलं, "नाही रे. कागद पाठवला नं तुला."

मग उलगडा झाला. फोटो आधी पूर्ण अपलोड व्हावा लागतो, मगच पुढे जातो. रेंज कमी असली की त्याच्यानंतर टाइप केलेली दोन शब्दांची ओळ त्याला मागे टाकून पोचते. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र फोटो वर आणि ओळ खाली अशीच दिसते, म्हणून त्याला वाटतं सगळं गेलं. मी म्हटलं, "फोटोवर गोल फिरतंय का बघा." फिरत होतं.

काही वेळाने कागद आला. तो दवाखान्याचा होता. गुडघ्याच्या वाट्या बदलायचा खर्च त्यावर लिहिला होता आणि आप्पांना विचारायचं होतं, दोन्ही गुडघे एकदम करायचे का एकेक. मी कापूस डोक्यात धरून 'आत्ताच उरकून टाका' लिहिलं असतं, तर ते वाक्य तिकडे अगदी चपखल बसलं असतं. भीती याचीच असते: चुकीचं उत्तरही बसतं, आणि मग कुणालाच शंका येत नाही.

संभाषणाचा अभ्यास करणारे या परत विचारण्याला 'दुरुस्ती' म्हणतात. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांनी १९७७ साली त्यावर लिहिलेला लेख आजही पायाभूत मानतात. २०१५ मध्ये डिंगमान्स आणि सहकाऱ्यांनी १२ भाषांतल्या घरगुती गप्पा तपासल्या. (मराठी त्यात नव्हती.) सरासरी दर दीड मिनिटाच्या आतच कुणीतरी कुणाला तरी परत विचारत होतं. आणि माणसं सहसा नुसत्या 'आँ?'वर थांबत नाहीत. जेवढं नेमकं विचारता येईल तेवढं विचारतात, म्हणजे समोरच्याचं काम कमी होतं.

पण अंदाज कुठून घ्यायचा याला मर्यादा आहे. तो त्या माणसाने स्वतः तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींतूनच घ्यावा. चुलत बहिणीने तिला आलेल्या स्थळाबद्दल फक्त तुम्हाला सांगितलंय, आणि काकूचा 'काय वाटतं?' आला. तुम्ही 'त्या स्थळाचं का?' विचारलंत, तर बातमी तुम्हीच फोडली. ग्रुपवर तर आणखी वाईट, कारण तिथे प्रश्न तुम्हाला होता का, इथूनच सुरुवात आहे. अशा वेळी तुटक वाटलं तरी 'कशाचं, काकू?' हेच बरं.

आणि कधीकधी विषय मुद्दाम गाळलेला असतो. रात्री उशिरा मित्राचा नुसता 'काय वाटतं तुला?' आला, तर कदाचित त्याला विषयाचं नाव घ्यायचं धाडस होत नसेल. तिथे अंदाजांची यादी दिली, तर तो त्यातला सोपा विषय उचलतो आणि निसटतो. मी अशा वेळी 'फोन करू?' एवढंच लिहितो.