वेल्डरचा बायोडाटा

आखाताला जाणाऱ्या घरात पासपोर्ट कपाटाच्या चोरखणात असतो आणि बाकीचे कागद कुठेही. आयटीआयचे प्रमाणपत्र आईच्या साड्यांखाली, जुन्या कंपनीचे पत्र ट्रंकेत, वेल्डिंग टेस्टचा कागद मोबाइलमधल्या फोटोत. बायोडाटा मात्र स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून पंधरा मिनिटांत होतो, आणि एजंटच्या टेबलावर आधी पोहोचतो तो हाच.

आम्ही दोघे नवरा-बायको हे बायोडाटे तपासून देतो. आमच्यापैकी एकाची सतरा वर्षे जुबैलच्या एका फॅब्रिकेशन यार्डात गेली, क्वालिटी कंट्रोलच्या खोलीत वेल्डरांचे कागद तपासण्यात. दुसरीचा टायपिंगचा क्लास होता, आणि तारखांचा मेळ बसत नसेल तर तिच्या नजरेतून सुटत नाही. इशानंतर मुले येतात, चहा होतो, कागद जमिनीवर पसरतात. पैसे घेत नाही. फक्त मूळ कागद घेऊन या, असे सांगतो.

गेल्या महिन्यात श्रीवर्धनकडचा एक पाइप वेल्डर आला. वय तिशीच्या आसपास, हात चांगला, आधी चार वर्षे सौदीत काढलेली. "चाचा, तीन जागी पाठवला, कुणाचाच फोन नाही," म्हणाला. बायोडाटा चार पानांचा. पहिल्या पानावर निळी वेलबुट्टीची चौकट, मोठा फोटो, खाली "करिअर ऑब्जेक्टिव्ह" म्हणून सात ओळी. त्या सात ओळी आम्ही निदान पन्नास बायोडाट्यांत जशाच्या तशा वाचल्या आहेत. "६-जी वेल्डर" हे शब्द आठ ठिकाणी होते. कोणत्या प्रक्रियेने, कोणत्या धातूवर, किती इंची पाइपवर, हे एकाही ठिकाणी नाही.

६-जी ही फक्त पाइपची स्थिती आहे. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बांधायचा, तो फिरवायचा नाही, आणि वेल्डरने स्वतः भोवती फिरून जोड पुरा करायचा. ही टेस्ट अवघड, म्हणून तिला मान आहे. पण तपासणारा ज्या कागदाकडे बघतो त्याला वेल्डर परफॉर्मन्स क्वालिफिकेशन म्हणतात, साइटवर डब्ल्यूपीक्यू. आखातातल्या तेल आणि गॅसच्या कामांत तो बहुधा एएसएमईच्या सेक्शन ९ प्रमाणे भरलेला असतो, आणि या माणसाने काय काय जोडलेले चालेल ते त्यावरून ठरते.

त्याच्या पिशवीत असे दोन कागद निघाले. पहिला २०२१ चा, आताच्या ठेकेदाराकडचा: ६ इंची पाइप, शेड्यूल ८०, म्हणजे भिंत साधारण ११ मिलिमीटर. मुळाचा थर टिगने ३ मिलिमीटर, वरचे ८ मिलिमीटर आर्कने, ई ७०१८ च्या कांडीने. नियम असा की टेस्टमध्ये ज्या प्रक्रियेने जेवढी जाडी भरली, त्या प्रक्रियेने कामावर तिच्या दुप्पट भरता येते. म्हणजे याला टिगने ६ मिलिमीटरपर्यंत आणि आर्कने १६ पर्यंत परवानगी. व्यासाचेही तसेच ठरलेले आहे. टेस्टचा पाइप ७३ मिलिमीटरहून मोठा असला तर ७३ आणि त्यावरचेच पाइप जोडता येतात. २ इंची पाइप बाहेरून ६० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो या कागदात बसत नाही. प्लांटमध्ये तर २ इंची लाइनी ढिगाने असतात.

दुसरा कागद २०१७ चा, जुबैलचा, आणि तो त्याने बायोडाट्यात लिहिलाच नव्हता. जुना आहे म्हणून. त्यात २ इंची शेड्यूल १६० चा पाइप होता, भिंत पावणेनऊ मिलिमीटरची, आणि सगळा जोड टिगने. लहान पाइप, जाड भिंत आणि मुळापासून वरपर्यंत टिग: ज्याला वेल्डिंग कळते तो हा कागद आधी उचलेल. यावर व्यासाची मर्यादाही २५ मिलिमीटरपर्यंत खाली येते.

पण तो आज चालू आहे असे लिहिता येत नाही. एखाद्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केले नाही तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. ती चालू आहे हे दाखवायला कंपनीची कंटिन्युइटीची नोंद लागते. शिवाय हा कागद ज्या कंपनीने टेस्ट घेतली तिच्या जबाबदारीवर असतो, नवी कंपनी बहुतेक वेळा पुन्हा टेस्ट घेतेच. म्हणून आम्ही दोन ओळी वेगळ्या केल्या. "चालू पात्रता" खाली २०२१ ची टेस्ट, "पूर्वीच्या टेस्ट" खाली २०१७ ची. दोन्हींत तोच क्रम: प्रक्रिया, स्थिती, धातू, व्यास आणि जाडी, तारीख, टेस्ट कुणासमोर झाली. जुन्या टेस्टचे काम त्याला ट्रेड टेस्टला बोलावून घेणे एवढेच आहे, आणि तेवढे ती चांगले करते.

मग अनुभवाकडे वळलो. बायोडाट्यात सौदीची नोकरी २०१६ ते जून २०२१ अशी होती. चाचीने पासपोर्ट उघडला, एक्झिटचा शिक्का नोव्हेंबर २०२० चा. "बेटा, हे सात महिने कुठले?" तो जरा गप्प झाला. लॉकडाऊननंतर घरी आला होता, गावात गेट आणि ग्रिल केल्या होत्या. गॅप दिसू नये म्हणून एजंटच्या पोऱ्यानेच तारीख ओढून जुळवली होती. त्याने शिवाय सुचवले होते की हजार-दीड हजारात पाच वर्षांचे एक्सपिरिअन्स लेटर करून मिळेल.

आम्ही हे लेटर करू देत नाही. नीतीचा प्रश्न आहेच, पण साधा व्यवहारही आहे. क्वालिटीच्या खोलीत पत्र आले की आम्ही आधी लेटरहेडवरचा पत्ता आणि पासपोर्टचे शिक्के शेजारी ठेवत असू. तारीख शिक्क्याबाहेर गेली की पुढचे खरे कागदही संशयाने वाचले जातात. २०२० च्या शेवटी घरी परतलेला कामगार ही काही लपवण्यासारखी गोष्ट नव्हे, तपासणाऱ्याच्या घरातही तसा एखादा असतो. आम्ही लिहिले: डिसेंबर २०२० ते जून २०२१, गावी, स्वतःचे फॅब्रिकेशनचे काम, आर्क वेल्डिंग. एक ओळ.

सौदीच्या चार वर्षांचे पत्र त्याच्याकडे होते, पण त्यात हुद्दा नुसता "वर्कर". सौदी कामगार कायद्यात नोकरी सोडणाऱ्याला सेवेचे प्रमाणपत्र विनामूल्य देण्याची तरतूद आहे. निघण्याच्या घाईत मुले ते नीट वाचून घेत नाहीत. कामाचे नाव, रुजू आणि सोडल्याची तारीख, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा, एवढे तिथेच बघून घ्यावे. याच्या बाबतीत इकाम्याची झेरॉक्स कामी आली, त्यावर पेशा वेल्डर होता. तळोज्याच्या पहिल्या तीन वर्षांचे पत्रच नव्हते, वर्कशॉप बंद पडलेले. पण पीएफ कापला जात होता. यूएएन टाकून पासबुक काढले तर मालकाचे नाव आणि महिन्यामहिन्याची भरणा निघाली. पत्राइतके ते बोलत नाही, हुद्दा सांगत नाही, पण तारखा खऱ्या आहेत हे कुणीही मान्य करतो. पीएफ नसेल तर ईएसआयचे कार्ड, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार यांतले काही ना काही सापडते.

"सर्व प्रकारचे वेल्डिंग काम केले" ही ओळ काढून टाकली. त्याऐवजी आताच्या साइटवर तो काय करतो ते विचारून लिहिले: कार्बन स्टीलच्या मोठ्या, १२ इंचीपर्यंतच्या लाइनी, रेडिओग्राफी होणारे जोड. रिपेअर किती येतात, असे विचारले तर म्हणाला, "कमीच." कमी म्हणजे किती? साइटच्या क्यूसी इंजिनिअरकडे प्रत्येक वेल्डरचा तक्ता असतो, त्याची सही असलेली प्रत मागून आण, म्हणून त्याला परत पाठवले. चार दिवसांनी आणली. एका महिन्यात ५६ जोड, रिपेअर एक. ही ओळ पहिल्या पानावर गेली.

नावाने मात्र वेळ खाल्ला. आपल्याकडे हे घरोघरी आहे. पासपोर्टवर मोहम्मद पूर्ण, आयटीआयच्या कागदावर तेच नाव चार अक्षरांत आखडलेले; एकीकडे आडनाव, दुसरीकडे बापाचे नाव; शेखचे इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन. बायोडाट्यावर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायचे, अक्षर न् अक्षर. फरकासाठी लोक प्रतिज्ञापत्र करतात, आणि मुलाखतीपुरते ते चालते. पण पुढे प्रमाणपत्राचे अटेस्टेशन करायची वेळ आली की तिथे अडकते. त्याला आयटीआयमध्ये दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्यायला लावला. व्हिसा हातात आल्यावर हे सुचून उपयोग नसतो.

मांडणी चाचीने केली. चार पानांची दोन झाली. एजंटकडे प्रिंट काळ्या-पांढऱ्यात निघते, तिथे निळी चौकट काळी पट्टी होते आणि तिच्यावरची अक्षरे बुडतात, म्हणून रंग गेला. वर नाव, फोन आणि एकच ओळ: पाइप वेल्डर, टिग आणि आर्क, बारा वर्षे. त्याखाली पात्रता, मग नोकऱ्या नव्याकडून जुन्याकडे, शेवटी आयटीआय आणि दहावी. दहावी लिहायचीच, कारण दहावी पास असल्यानेच त्याचा पासपोर्ट ईसीएनआर आहे आणि जाहिरातीत ते विचारतात. वजन, उंची, छंद हे सगळे काढले. पासपोर्टचा नंबर फक्त नोंदणीकृत एजंटला द्यायच्या प्रतीवर ठेवला. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या प्रतीवर नुसती मुदत. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे emigrate.gov.in वर दिसते, आणि कायद्याने त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. ही गोष्ट आम्ही प्रत्येकाच्या अब्बांसमोर सांगतो, कारण पैसे तेच देतात.

मूळ कागद चादरीवर ठेवून काढलेले फोटो काढून टाकले आणि सगळे सरळ स्कॅन करून एकाच फाइलमध्ये बायोडाट्याच्या क्रमानेच लावले. तिला नाव दिले पासपोर्टचे नाव आणि `Pipe_Welder.pdf`. आधी ती `Document(7) final new.pdf` होती.

तिसऱ्या आठवड्यात मुंबईला ट्रेड टेस्टचे बोलावणे आले. टेबलावरच्या माणसाने सात महिन्यांच्या ओळीवर बोट ठेवून, गेटला कोणती कांडी वापरलीस, एवढेच विचारले आणि त्याला बूथकडे पाठवले. तिथे २ इंची पाइप बांधून ठेवला होता.