चाव्यांचा जुडगा आणि नऊ महिन्यांचा डोस

दोन मिनिटं चाळीस सेकंदांची ॲनिमेशन फिल्म, आणि तिला आवाज नाही. डोंबिवलीतल्या एका बालरोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात, वेटिंग रूममधल्या टीव्हीवर ती लागणार होती आणि तो टीव्ही कायम म्यूट असतो. म्हणजे जे सांगायचं ते चित्रातून, आणि चित्राखाली एका वेळी फार तर दहा शब्द. चित्रं माझा कॉलेजचा मित्र काढणार होता. शब्द आणि सेकंदांचा हिशोब माझ्याकडे होता. दिवसा ठाण्याला ऑफिसात कोड लिहायचा, रात्री घरी येऊन दहा शब्दांची वाक्यं.

काळ 2022च्या नोव्हेंबरचा. गोवंडी, मालेगाव आणि आमच्या शेजारच्या भिवंडीत गोवराची साथ पसरली होती. मॅडमकडे रोज तेच प्रश्न यायचे, आणि प्रत्येक आईला पंधरा मिनिटं देणं त्यांना शक्य नव्हतं. लस शरीराला कशी तयार करते, एवढंच फिल्मने सांगायचं होतं.

लसीच्या फिल्मचं नेहमीचं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. शरीर म्हणजे किल्ला, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, लस म्हणजे शत्रूचा फोटो. सैनिकांना फोटो दाखवतात, ते कवायत करतात, शत्रू येतो, संपतो. चित्र सोपं आहे, पण त्यावरून एक प्रश्न येतोच आणि त्याचं उत्तर त्या चित्रात नाही. सगळ्या सैनिकांनी फोटो पाहिला असेल, तर दुसरा डोस कशाला?

कारण शरीरात तसं होतच नाही. रक्तात आणि लसिका ग्रंथींमध्ये अब्जावधी बी-पेशी असतात. प्रत्येक पेशीवर एकाच आकाराचा पंजा असतो आणि तो आकार पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून, जवळजवळ चिठ्ठ्या टाकून ठरतो. गोवराचा विषाणू कधी पाहिलेला नसतानाही त्याला बसेल असा पंजा असलेल्या थोड्या पेशी बाळाच्या अंगात आधीपासून असतात. लस कुठल्या पेशीला नवं काही शिकवत नाही. ती नेमक्या त्या थोड्या पेशी शोधायला लावते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा नियम लिहून चालणारा प्रोग्राम नाही. आधी भरमसाट पर्याय तयार करायचे आणि मग एकेक लावून बघायचा, असा प्रकार आहे.

म्हणून आम्ही किल्ला सोडला आणि चावीवाला घेतला. स्टेशनबाहेर छत्रीखाली बसणारा, मागे हुकांना शेकडो चाव्या टांगलेला. आमच्या फिल्ममध्ये विषाणूच्या पाठीवर एक कुलूप आहे. बरोबर चावी त्यात बसली की कुलूप जाम होतं आणि विषाणूला पेशीत शिरता येत नाही. चावीवाला एकेक चावी लावून बघतो. नव्याण्णव जात नाहीत, एक अर्धवट जाते. मग तो तिच्या खूप प्रती काढतो, प्रत्येक प्रत कानशीने जराशी वेगळी घासतो, पुन्हा लावून बघतो. जी जास्त घट्ट बसते ती ठेवतो, बाकीच्या टाकून देतो.

ही कानस सजावटीसाठी नाही. लसिका ग्रंथींमध्ये खरोखर असंच चालतं. निवडलेल्या पेशी वाढतात, वाढताना त्यांच्या पंजात बारीक बदल होतात आणि जास्त चांगल्या पकडणाऱ्या टिकतात. या कामाला वेळ लागतो. प्रतिपिंडं, म्हणजे आमच्या चाव्या, भरपूर दिसायला साधारण दोन आठवडे जातात. म्हणून चावीवाल्याच्या मागे कॅलेंडरची पानं उलटतात. शेवटी तो थोड्या चाव्या डब्यात जपून ठेवतो. त्या म्हणजे स्मृतिपेशी. एक छोटं मशीनही कायमचं चालू ठेवतो. त्या म्हणजे अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहणाऱ्या पेशी.

पहिला कच्चा कट मी ताईला दाखवला. ती कल्याणला असते आणि तिचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. माझी पद्धत एकच होती. फिल्म संपली की काही विचारायचं नाही, फक्त म्हणायचं, "आता तू मला सांग काय झालं ते." मग माणूस जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे. "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. गोष्ट परत सांगताना मात्र नेमकं काय पोहोचलं ते कळतं. ताईने चावीवाला नीट सांगितला आणि मग विचारलं, "एवढं चांगलं आहे तर आजच का नाही देत? नऊ महिने पूर्ण व्हायची वाट कशाला?"

फिल्मचा सगळ्यात चांगला सीन या प्रश्नातून निघाला. बाळ जन्मताना आईकडून तिची प्रतिपिंडं घेऊन येतं. आईला गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर गोवराच्या तयार चाव्या बाळाला उसन्या मिळतात. त्या काही महिन्यांत संपत जातात. पण संपेपर्यंत त्या लसीच्याही आड येतात. गोवराची लस म्हणजे जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू. आईच्या चाव्या त्याच्या कुलपात आधीच जाऊन बसतात, आणि बाळाच्या चावीवाल्याला स्वतःची चावी लावून बघायची संधीच मिळत नाही. मित्राने चित्र काढलं ते असं: चावीवाला कुलूप हातात घेतो, तर त्यात आधीच एक जुनी, हिरव्या काठाची चावी अडकलेली. आईच्या साडीचा काठ हिरवा होता. शब्दांची गरजच पडली नाही.

दुसऱ्या डोसचं उत्तरही याच सीनमध्ये आहे. नऊ महिन्यांना कुणाच्या अंगात आईच्या चाव्या संपलेल्या असतात, कुणाच्या अजून शिल्लक असतात. शंभर बाळांना नवव्या महिन्यात डोस दिला तर साधारण 85 जणांमध्ये तो लागू पडतो आणि 15 जणांमध्ये नाही. सोळा ते चोवीस महिन्यांत दिलेला दुसरा डोस मुख्यतः त्या पंधरांसाठी असतो. मग तो सगळ्यांनाच का द्यायचा? कारण ते पंधरा कोण, हे बाहेरून दिसत नाही, आणि ज्याला आधीच लागू पडला आहे त्याला दुसऱ्याने अपाय होत नाही.

इथे आम्ही ‘बूस्टर’ हा शब्द काढून टाकला. बूस्टर म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं की मूळ काम झालेलंच आहे, हा वरचा जोर. मग तो राहिला तर फार बिघडत नाही. गोवराच्या बाबतीत हिशोब वेगळा आहे. ज्या वस्तीत कुणालाच संरक्षण नाही तिथे एक रुग्ण 12 ते 18 जणांना गोवर देऊ शकतो, म्हणून साथ रोखायला शंभरातले सुमारे 95 सुरक्षित लागतात. एकूण एक बाळाला पहिला डोस मिळाला तरी आपण 85वरच थांबतो. फिल्ममध्ये आता शब्द आहेत: "पहिला डोस काहींना लागत नाही. दुसरा त्यांच्यासाठी."

त्याच दिवसांत आणखी एक गाठ पडली. साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांमध्ये गोवर जास्त दिसतो तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस द्यावा, असं केंद्र सरकारने राज्यांना सुचवलं. सहा ते नऊ महिन्यांमधल्या या डोसला ‘झिरो डोस’ म्हणतात. आम्हा प्रोग्रामर लोकांना शून्यापासून मोजायची सवय असते. इतरांना नसते. हिरव्या काठाच्या चाव्या सहाव्या महिन्यात जास्तच असतात, म्हणून हा डोस आणखी कमी बाळांमध्ये लागू पडतो. पण साथ दारात असताना काही जण वाचणं हे कुणीच न वाचण्यापेक्षा बरं. धोका पुढे आहे. आई मोजते: एक सहाव्या महिन्यात, एक नवव्यात, झाले दोन. आणि सोळाव्या महिन्याचा राहून जातो. मॅडमनी सुचवलेली पाटी आम्ही पूर्ण चार सेकंद ठेवली: "साथीतला जादा डोस मोजणीत धरू नका."

शब्दांवर खरी झटापट झाली ती ‘दुबळा विषाणू’वर. ताईच्या सासूबाईंनी फिल्म पाहिली आणि सरळ विचारलं, "म्हणजे रोगच टोचता ना?" काही फिल्म इथे ‘मेलेला विषाणू’ दाखवून सुटतात. पण ही लस मेलेल्या विषाणूची नाही. आपल्याकडच्या लसीतला वाण 1954 साली बॉस्टनमध्ये एका आजारी मुलाकडून मिळालेल्या विषाणूपासून आला आहे. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवून तो दुबळा केलेला आहे. तो अंगात थोडा वाढतो, आणि चावीवाल्याला पुरेसं काम मिळावं म्हणून ते हवंच असतं. त्यामुळे काही मुलांना ताप किंवा थोडं पुरळ येतं, पण त्याच दिवशी नाही, साधारण सात ते बारा दिवसांनी. हे आधी सांगितलं नाही तर आईला वाटतं बाळ अचानक आजारी पडलं. म्हणून लिहिलं: "आठवड्याभराने थोडा ताप येऊ शकतो." माझ्या मसुद्यात पुढे ‘घाबरू नका’ होतं, ते मॅडमनी खोडलं. "घाबरू नका म्हटलं की झटके आले तरी लोक घरी बसतात. तिथे लिही, ताप जास्त वाटला तर या." ‘ताप आला म्हणजे लस लागली’ हेही त्यांनी लिहू दिलं नाही. ताप न आलेल्या मुलाची आई मग लस वाया गेली असं समजते.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. "आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर यायचा. येऊन जायचा." याला आकड्यांनी उत्तर देता येतं, पण चावीवाल्याने दिलेलं जास्त पटलं. खरा गोवर स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं होतं. त्याचे निष्कर्ष 2019मध्ये आले. वेगवेगळ्या आजारांविरुद्ध आधी जमवलेली 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं त्यांच्या रक्तातून गेली होती. म्हणजे गोवर चावीवाल्याचा डबा उलटा करतो आणि इतर आजारांच्या चाव्या गटारात टाकतो. मूल गोवरातून उठतं, पण त्यानंतर न्यूमोनियाला, जुलाबाला सोपं सावज होतं. लसीतला दुबळा विषाणू असं करत नाही. आम्ही लिहिलं: "गोवर जुन्या चाव्याही नेतो." सासूबाई ते वाचून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या की त्यांचा धाकटा भाऊ गोवरानंतर दोन महिन्यांनी छाती भरून गेला होता, आणि घरात कुणी त्याचा संबंध गोवराशी लावला नव्हता. त्याच्या बाबतीत नेमकं काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मीही काही बोलले नाही.

शेवटच्या वाक्याला मात्र आठवडा लागला. ‘लस घ्या, गोवर कधीच होणार नाही’ हे खोटं आहे. दोन डोसनंतरही थोड्यांना होतो, आणि शेजारच्या बाकावरच्या एकाला जरी झाला तरी पाटी खोटारडी ठरते. ‘लस बहुतांश प्रमाणात परिणामकारक आहे’ हे खरं आहे, पण ते वेटिंग रूममध्ये कुणी वाचत नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. म्हणजे ही फिल्म बघत बसलेलं सहा महिन्यांचं बाळ, ज्याला अजून नियमित डोस मिळालेला नाही, ते आसपासच्या मोठ्या मुलांच्या चाव्यांवर अवलंबून असतं. शेवटच्या फ्रेममध्ये मित्राने तीच वेटिंग रूम काढली. पाच मुलांच्या गळ्यात चाव्या, आईच्या मांडीवरचं सहावं बाळ मोकळ्या गळ्याचं. खाली मॅडमनी पास केलेली दोन वाक्यं आहेत. "दोन डोस झालेल्या मुलाला गोवर क्वचित होतो. तुमच्या कार्डावर दोन्ही तारखा आहेत का?"

दुसरं वाक्य वाचून लोक पिशवीतून कार्ड काढून बघतात, असं रिसेप्शनवरच्या ताई सांगतात.