जाहिरातीनंतर बदललेली अट कोणाला लागू?

वस्तीतल्या मुलामुलींचे भरतीचे अर्ज भरताना मला हमखास विचारलं जातं, "दादा, शुल्क भरलं, अर्ज गेला, आणि मग अट बदलली तर?" शेजारचे लोक म्हणतात, सरकार वाटेल ते करू शकतं. तसं नाही.

2009 साली राजस्थान उच्च न्यायालयाने अनुवादकांच्या 13 जागांची जाहिरात काढली. परीक्षा झाल्यावर ठरलं, किमान 75 टक्के गुण हवेत. 21 उमेदवारांपैकी तिघेच उरले. या वादातल्या कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी उत्तर दिलं. भरती जाहिरातीपासून सुरू होते. मूळ नियमांत किंवा जाहिरातीत मुभा नसेल, तर पात्रतेची अट मध्येच बदलता येत नाही. मुभा असली तरी बदल संविधानाच्या कलम 14 च्या कसोटीला उतरला पाहिजे. किमान गुण ठरवता येतात, पण तो टप्पा येण्याआधी.

म्हणून जाहिरातीत "बदलाचा अधिकार राखून" असं वाक्य आहे का, ते आधी शोधा. जाहिरात, शुद्धिपत्रकं आणि शुल्काची पावती तारखेसह जपून ठेवा. वाढीव शुल्क मागितलं, तर ते कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेपासून, हे लेखी विचारा.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. निवड यादीत नाव आलं म्हणजे नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही. मात्र जागा रिकामी असताना मनमानीने डावलणं शासनालाही करता येत नाही.